नवदीक्षिताचे घर आणि भारद्वाज बंधूंचा राग



शाळेच्या या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने आमच्याकडे इतिहासाचा पाठ मागितला होता. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या वसतिगृहात जी मुले दाखल होत आहेत, त्यांच्यापैकी काहींचे पालक अलीकडेच दीक्षा घेतलेले आहेत. त्यांत मातंग घरे आहेत, तेली-माळी-कुणबी घरे आहेत, बंजारा तांड्यांवरची घरेही आहेत. सुट्टीत मुलाला न्यायला येणारा बाप शिक्षकखोलीत क्षणभर बसतो आणि मुलाच्या अभ्यासाआधी दुसरेच विचारतो. आई बोलत नाही, काय करावे? भावाने धुऱ्यावरून भांडण काढले आहे, काय करावे? बायकोला माहेरी बोलावणे बंद झाले आहे, काय करावे? म्हणून हा पाठ आम्ही त्या पालकांसाठी लिहीत आहोत. आमचे माजी विद्यार्थी तो वाचतीलच. त्यांच्या आजी-आजोबांनीही हे सारे १९५६ नंतर सोसलेले आहे.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली, नंतर स्वतः लाखो लोकांना दिली, १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात पुन्हा दीक्षा समारंभ झाला, आणि ६ डिसेंबरला त्यांचे परिनिर्वाण झाले. म्हणजे नव्या बौद्धांना त्यांचा सहवास आठ आठवडेसुद्धा लाभला नाही. बावीस प्रतिज्ञा हाती होत्या. पण प्रतिज्ञा घेऊन घरी परतल्यावर, देव्हाऱ्यासमोर बसलेल्या म्हातारीशी कसे बोलावे हे विचारायला बाबासाहेब नव्हते. ज्याने त्याने आपापल्या अकलेने मार्ग काढला. कोणी आईच्या हातातले टाक हिसकावून विहिरीत टाकले. कोणी आईने स्वतः ते गाडग्यात बांधून नदीत सोडीपर्यंत वाट पाहिली. दोन्ही घरे आज बौद्ध आहेत. पण पहिल्या घरातली म्हातारी मरेपर्यंत मुलाशी मोकळेपणी बोलली नाही, अशा हकिकती आमच्या पिढीने लहानपणी पुष्कळ ऐकल्या.

या प्रश्नावर खुद्द पाली वाङ्मयात काय आहे, हे आधी पाहू. संयुत्त निकायात ब्राह्मण संयुत्त म्हणून एक विभाग आहे. त्याच्या आरंभीची चार सुत्ते एकाच कुळाची आहेत. त्यांपैकी दुसरे सुत्त आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. एक मनुष्य येऊन तथागतांना शिव्या देतो. तथागत त्याला विचारतात, तुझ्या घरी पाहुणे येतात का? येतात. त्यांच्यापुढे तू अन्न ठेवतोस का? ठेवतो. त्यांनी ते घेतले नाही तर ते कोणाचे? माझेच. तसे तू दिलेल्या शिव्या आम्ही घेतल्या नाहीत, त्या तुझ्याकडेच राहिल्या. ही गोष्ट शाळेच्या पाठ्यपुस्तकापासून विहारातील प्रवचनापर्यंत सर्वत्र सांगितली जाते. परंतु तो मनुष्य शिव्या का देत होता, हे सहसा सांगितले जात नाही. सुत्ताच्या पहिल्याच वाक्यांत ते आहे. भारद्वाज कुळातल्या एका ब्राह्मणाने श्रमण गोतमाकडे प्रव्रज्या घेतली, ही वार्ता ऐकून तो संतापला होता. अट्ठकथा सांगते की हे दोघे भाऊ होते. म्हणजे आपल्याला सहिष्णुतेची गोष्ट म्हणून माहीत असलेला हा प्रसंग मुळात धर्मांतरामुळे चिडलेल्या नातलगाचा आहे.

या कुळाची कथा पहिल्या सुत्तापासून वाचली तर आपल्या घरांशी तिचे साम्य आणखी दिसते. भारद्वाज ब्राह्मणाची पत्नी धनंजानी ही बुद्ध, धम्म आणि संघ यांच्यावर श्रद्धा असलेली. नवरा मात्र जुन्या मार्गाचा. अट्ठकथेप्रमाणे एकदा त्याने घरी ब्राह्मणांना मोठे भोजन योजिले आणि बायकोला आधीच विनवले, की आजचा दिवस त्या मुंडक्या श्रमणाचे नाव घेऊ नकोस. तिने वचन दिले नाही. खोटे वचन देऊन वेळ मारून नेणे तिला शक्य होते, ते तिने केले नाही. पण म्हणून ती रुसून स्वयंपाकघराबाहेरही बसली नाही. नवऱ्याच्या पाहुण्यांना ती वाढत होती. वाढता वाढता पाय अडखळला आणि तिच्या तोंडून त्रिवार बुद्धवंदना निघून गेली. पाहुणे उठून गेले. नवऱ्याने तिला जी शिवी दिली ती पाली भाषेत ‘वसली’ अशी आहे. वृषली, हीन जातीची बाई!

इतिहासाचा विद्यार्थी या एका शब्दापाशी थांबतो. ती बाई जन्माने ब्राह्मण, ब्राह्मणाचीच पत्नी. पण बुद्धाचे नाव घेताच स्वतःच्या नवऱ्याच्या तोंडी ती हीन जातीची झाली. आज तेली किंवा कुणबी घरातल्या मुलाने दीक्षा घेतली की त्याला पहिले वाक्य कोणते ऐकावे लागते? ‘तू आता त्यांच्यात गेलास.’ देव सोडल्याचे दुःख त्यामागे थोडेच असते. उद्या बहिणीची सोयरीक मोडेल, पंगतीत आपल्याला वेगळे बसवतील, गाव आपल्याला त्या जातीचे समजेल, ही धास्ती मोठी असते. नवदीक्षिताने हे नीट ओळखावे असे आम्हांस वाटते. आई ‘देव कोपेल’ म्हणते तेव्हा तिला बहुधा देवाची भीती नसते, भावकीची असते. अशा वेळी देव आहे की नाही यावर तिच्याशी वाद घातला, तर आपण तिने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत बसतो, आणि विचारलेला प्रश्न तसाच राहतो. बहिणीच्या लग्नाला मी उभा राहीन, खर्चाचा माझा वाटा देईन, पाहुण्यांपुढे तुझी मान खाली जाईल असे वागणार नाही, हे ऐकायला ती थांबलेली असते.

धनंजानीने नवऱ्याला काय उत्तर दिले तेही पाहण्यासारखे आहे. नवरा म्हणाला, तुझ्या त्या गुरूला मी वादात हरवतो. ती म्हणाली, त्याला हरवील असा मला कोणी दिसत नाही, पण तुम्ही जा; जाल तेव्हा तुम्हांला कळेल. स्वतः तिने वाद घातला नाही. सिद्धान्त शिकवले नाहीत. तो रागातच गेला आणि विचारले, कशाचा वध केला असता मनुष्य सुखाने झोपतो? तथागतांनी उत्तर दिले की क्रोधाचा. प्रश्न विचारणारा त्या क्षणी क्रोधानेच पेटलेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे उत्तराचे वजन कळते.

त्याने प्रव्रज्या घेतली आणि मग भाऊबंदांचा राग सुरू झाला. एक भाऊ शिव्या देत आला. त्याची गोष्ट वर आली. दुसरा, असुरिंदक, त्यानेही शिव्या दिल्या. तथागत गप्प राहिले. तेव्हा तो ओरडला, ‘श्रमणा, तू हरलास!’ गप्प बसणे म्हणजे हार, असे त्याला वाटले. तिसरा, बिलंगिक, एक शब्द न बोलता बाजूला उभा राहिला, मनात राग घेऊन. एकाच घराचा तीन तऱ्हांचा राग या तीन छोट्या सुत्तांत आहे. आमच्या अनुभवाने तिसरा सर्वांत अवघड. शिव्या देणाऱ्या काकाशी चार महिन्यांनी बोलणे सुरू होते. न बोलणारी आई तुमच्या ताटात भाकरी वाढते, पण तुमच्याकडे पाहत नाही, आणि हे दोन-दोन वर्षे चालते. तथागतांनी त्या मुक्या भावाला टाळले नाही. त्याच्या मनातले ओळखून ते स्वतः त्याच्याशी बोलले. निर्दोष माणसावर धरलेला रोष वाऱ्याविरुद्ध फेकलेल्या धुळीसारखा आपल्याच अंगावर येतो, असा त्या बोलण्याचा आशय आहे. न बोलणाऱ्याशी पहिला शब्द आपण काढायचा, एवढे त्यातून घेता येते.

मात्र एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. सुत्तांत ही चारही माणसे शेवटी संघात येतात. आपल्या घरी असे घडतेच असे नाही. कित्येक वडील जुन्या श्रद्धेतच वारतात. तेव्हा नातलग उद्या आपल्यासारखे होतील या हिशेबाने त्यांच्याशी गोड वागणे ही क्षांती नव्हे. तो हिशेब त्यांना कळतो, आणि त्यांना तो अपमान वाटतो.

याचे आपल्या जवळचे उदाहरण बाबासाहेबांच्याच घरातले आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या वडिलांविषयी लिहिले आहे. सुभेदार रामजी कबीरपंथी, अत्यंत धार्मिक आणि शिस्तीचे. घरी जमलेल्या मंडळींना मुलांनी रामायण-महाभारत वाचून दाखवावे असा त्यांचा दंडक होता. दादा केळुसकरांनी दिलेले बुद्धचरित्र वाचल्यानंतर भीमरावांनी वडिलांना विचारले, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता सांगितली आहे, ते आम्हांला का वाचायला लावता? वडिलांना प्रश्न आवडला नाही. मुलांनी असे वेडे प्रश्न विचारू नयेत, सांगितले तसे करावे, असे म्हणून त्यांनी गप्प केले. मुलाने त्या दिवशी ताणून धरले नाही. काही काळ जाऊ दिला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. बाबासाहेब नमूद करतात की या वेळी वडील उत्तराची तयारी करून बसले होते. आपण अस्पृश्य असल्यामुळे मुलांच्या मनात न्यूनगंड येईल, तो जावा म्हणून हे वाचन. द्रोण आणि कर्ण कोठून कोठे चढले ते पाहा, वाल्मीकी तर कोळी होता, असे रामजींचे म्हणणे होते. या म्हणण्यात काही बळ आहे हे मुलाला जाणवले, पण समाधान झाले नाही. आपल्याला त्या ग्रंथांतली पात्रे का आवडत नाहीत ते त्याने वडिलांना स्पष्ट सांगितले. वडील निरुत्तर झाले. घरात बंड झाले आहे हे त्यांनी ओळखले.

या प्रसंगात काय काय झाले ते पाहा. मुलाने आपले मत लपवले नाही. पहिल्या नकाराला तो संतापला नाही, आणि सोडूनही दिले नाही. वडिलांना विचार करायला त्याने वेळ दिला, आणि त्या वेळाचा वडिलांनी उपयोग केला. पुढे सुमारे अर्धशतकाने, दीक्षेच्या वर्षी, रामजींच्या मृत्यूला त्रेचाळीस वर्षे झालेली असताना, बाबासाहेबांनी वडिलांची बाजू तिच्या पूर्ण बळानिशी लिहून ठेवली. तिच्यात तथ्य होते तेवढे मान्य केले. वडिलांची बाजू दुबळी करून सांगणे त्यांना सहज शक्य होते, रामजी उत्तर द्यायला नव्हते. १९२३ साली प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध त्यांनी आई-वडिलांच्या स्मृतीलाच अर्पण केला होता. श्रद्धा टाकली, ऋण टाकले नाही. नवदीक्षित मुलगा गावात मित्रांपुढे ‘आमचा बाप अडाणी, अजून माहूरला जातो’ असे बोलतो तेव्हा आम्हांला या प्रस्तावनेची आठवण होते. माहूरच्या रेणुकेला पायी जाणाऱ्या त्या बापाचीही काहीतरी बाजू असेल. ती मुलाला सांगता यावी.

आता सीमा कोठे आखावी याविषयी. मज्झिम निकायातील उपाली गृहपतीची कथा येथे उपयोगी पडते. नालंदेचा हा धनिक निगंठांचा, म्हणजे जैन श्रमणांचा, मोठा उपासक होता. तथागतांशी वाद घालायला आला आणि त्यांचाच उपासक होण्याची इच्छा त्याने व्यक्त केली. तथागतांनी त्याला घाईने पदरात घेतले नाही. तुझ्यासारख्या प्रतिष्ठित माणसाने नीट चौकशी करून मगच निर्णय करावा, असे सांगितले. त्याने पुन्हा आग्रह धरला तेव्हा ते म्हणाले, तुझे घर निगंठांसाठी दीर्घकाळ पाणवठ्यासारखे राहिले आहे, ते आले तर त्यांना भिक्षा देत राहा. उपालीने घरी जाऊन द्वारपालाला सांगितले, आजपासून निगंठांसाठी दार बंद. पण कोणाला अन्न हवे असेल तर त्याला तेथेच थांबायला सांगा, अन्न बाहेर आणून दिले जाईल.

आम्हांला या कथेतून एक व्यवहार्य फरक मिळतो. उपालीच्या घरात निगंठांचा धर्माधिकार संपला, अन्नाचा हक्क संपला नाही. नवदीक्षिताच्या घरी हीच रेघ आखता येते. ज्या कृतीत पूजा, नवस, पिंड, पुरोहित आहे ती आपण करणार नाही. ज्या कृतीत सेवा, पैसा, श्रम, खांदा, पंगत आहे ती आपण इतरांहून एक पाऊल पुढे होऊन करणार. महालक्ष्म्यांच्या दिवशी आरतीला उभे राहणार नाही, पण आईला पाणी भरून देऊ, सांडगे-पापडाचे दळण आणू, जेवणावळीत वाढू. तिने वाढलेली आंबील आणि पुरणपोळी खावी की नाही, यावर आमच्या शिक्षकखोलीतच दोन मते आहेत. आमचे मत असे की आईने वाढलेले अन्न आईचे म्हणून खावे. ज्यांचे मत वेगळे आहे त्यांनी निदान ताट पायाने सरकवू नये.

सर्वांत मोठी परीक्षा मृत्यूच्या वेळी येते, म्हणून ते एक उदाहरण सविस्तर घेऊ. समजा, दारव्हा किंवा दिग्रस भागातील एका शेतकरी घरातला थोरला मुलगा बौद्ध झाला आहे. धाकटा भाऊ आणि आई जुन्या श्रद्धेत आहेत. वडील आजारी आहेत. सहावी प्रतिज्ञा श्राद्ध व पिंडदान करण्यास मना करते. आणि थोरल्याने पाणी पाजले नाही तर बाप अडकून पडेल, असे भावकी म्हणणार हे निश्चित.

येथे जी चूक वारंवार होते ती अशी की मुलगा हा विषय तिरडी बांधली जाईपर्यंत काढतच नाही. मग स्मशानात, नाभिक वस्तरा घेऊन उभा असताना तो नाही म्हणतो. त्या वेळी त्याचे बरोबर असलेले म्हणणेही सर्वांना बापाचा अपमान वाटते. म्हणून वडील शुद्धीत असतानाच बोलावे, एकट्याने नव्हे, तर धाकट्या भावाला आणि एखाद्या जाणत्या मामाला जवळ घेऊन. काय करणार नाही याआधी काय करणार ते सांगावे. दवाखान्याचा खर्च, रात्रीची जागरणे, खांदा, अग्नी, राख सावडणे, आईचा सांभाळ हे माझे. मुंडण आणि पिंड मी करणार नाही. धाकट्याला करायचे असेल तर मी आडवा येणार नाही आणि तेथून निघूनही जाणार नाही. पुष्कळ वेळा वडील यावर काही बोलत नाहीत. त्या मौनाला होकार समजू नये, पण त्यांना धक्का बसू नये एवढे तरी साधते.

मृत्यूनंतर सिगालोवाद सुत्ताचा आधार घ्यावा. तेथे मुलाची आई-वडिलांविषयी पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांचे पोषण, त्यांची कामे करणे, कुळाची परंपरा राखणे, वारशाला पात्र होणे, आणि पाचवे, ते गेल्यावर त्यांच्या नावे दान देणे. हे पाचवे कर्तव्य अनेकांच्या ध्यानात नसते. पिंड नाही म्हणजे मृताचे स्मरणच नाही, असे नातलगांना वाटते, आणि कधी कधी नवदीक्षितालाही तसेच वाटते. मुलाने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम वेगळ्या दिवशी ठेवावा, तेरवीच्याच दिवशी स्पर्धा म्हणून नव्हे. भावकीला बोलवावे. वडिलांच्या नावे गावच्या शाळेला पुस्तके, एखाद्या मुलाचे वर्षाचे शुल्क, असे काही डोळ्यांना दिसेल ते दान द्यावे. तेरवीच्या जेवणाला धान्य लागत असेल तर आपला वाटा द्यावा. ते माणसांच्या तोंडी जाते. अक्षय तृतीयेला आई पितरांची घागर भरील. तिला पाणी आणून द्यायला हरकत नाही, पूजेला बसायची नाही.

मात्र याच प्रसंगात एक जागा अशी येते की तेथे गप्प राहणे क्षांती ठरत नाही. शेजारच्या बायका आईच्या बांगड्या फोडायला आणि कुंकू पुसायला पुढे येतात. नवव्या आणि दहाव्या प्रतिज्ञेने आपण समता मानण्याचे आणि ती स्थापण्याचा प्रयत्न करण्याचे वचन दिलेले आहे. येथे मुलाने पुढे होऊन नको म्हणावे, शांतपणे पण स्पष्ट. आणि हे बौद्ध म्हणून सांगायची गरज नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. ते गाव काही बौद्ध झालेले नव्हते. ‘हेरवाडात चालते ते आपल्याकडे का चालू नये?’ हा प्रश्न भावकीला पेलतो. प्रतिज्ञेचा दाखला त्या क्षणी पेलत नाही.

पैशाच्या आणि कागदांच्या धमक्यांविषयी थोडक्यात. ‘धर्म बदललास, वावरात वाटा मिळणार नाही’ हे वाक्य पुष्कळांना ऐकावे लागते. ते निराधार आहे. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. बौद्ध झाल्याने वडिलोपार्जित जमिनीतला हक्क जात नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदाही बौद्धांना लागू आहे, त्यामुळे दीक्षा घेतली म्हणून लग्न आपोआप मोडत नाही. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, हे मातंग बांधवांनी घरी सांगावे. अनुसूचित जमातीचा दर्जा तर धर्मावर अवलंबूनच नाही. हे ठाऊक असले की माणूस घरात चढ्या आवाजात बोलत नाही. भीती गेली की आवाज आपोआप उतरतो. कोर्टाची भाषा मात्र पहिल्याच दिवशी बैठकीत काढू नये. आपल्या मनाच्या स्थैर्यासाठी ही माहिती पुरेशी आहे.

आणि जेथे मारहाण आहे, जेथे जात पंचायत बसून वाळीत टाकते, जेथे सुनेला उपाशी ठेवले जाते, तेथे या लेखातला एकही शब्द सोसण्याच्या बाजूने वाचू नये. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि घरातील छळाविरुद्ध २००५ चा कायदा आहे. तथागतांनी शिव्या घेतल्या नाहीत. त्यांनी कोणाला मार खाण्याचा उपदेश केलेला नाही. धनंजानीचा नवरा तिला वसली म्हणाला तेव्हा तिनेही ते ऐकून मान खाली घातली नाही. तिने त्याला वेळुवनाकडे पाठवले.

मुलांविषयी एक गोष्ट राहिली. दीक्षा घेतलेल्या बापाने मुलाला आजीच्या घरी जाण्यास बंदी केली, असे दोन-तीन प्रसंग आमच्यासमोर आले. कारण एकच, की आजी अंगारा लावते. आम्ही त्या पालकांना सांगितले की मुलगा आमच्या वसतिगृहात दहा महिने रोज सकाळी त्रिसरण-पंचशील म्हणतो. दिवाळीच्या सुट्टीतल्या आठ दिवसांच्या अंगाऱ्याने ते पुसले जात असेल तर दोष आमच्या शिकवण्यात आहे, आजीत नाही. त्यांपैकी एकाने मुलाला या सुट्टीत आजीकडे पाठवले. मुलगा परत आला तो आजीने बांधून दिलेली मुगाच्या लाडवांची डबी घेऊन. ती त्याने वर्गात सर्वांना वाटली आणि रिकामी डबी धुऊन ठेवली, पुढच्या सुट्टीत परत द्यायची म्हणून.